खालच्या भिंतीचा झटका : ईसीजीवरून बंद रोहिणीचा माग

ईसीजीच्या पट्टीवर हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक एक उंच टोकदार आकार उमटतो आणि त्यामागून एक गोलसर लाट येते. टोकदार आकाराला क्यूआरएस म्हणतात. हृदयाचे खालचे दोन मोठे कप्पे आकुंचनासाठी विजेने भारले जातात, तेव्हा तो उमटतो. गोलसर लाटेला टी म्हणतात. तेच स्नायू पूर्वस्थितीला येतात, तेव्हा ती दिसते. या दोहोंच्या मधला छोटासा, एरवी जवळजवळ सपाट असणारा तुकडा म्हणजे एसटी. हृदयविकाराचा झटका आला की डॉक्टरांचे डोळे आधी या तुकड्याकडे वळतात. तो कोणत्या लीडमध्ये वर उचलला गेला आहे आणि कोणत्या लीडमध्ये खाली दबला आहे, एवढ्यावरून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य रोहिण्यांपैकी कोणती बंद पडली असावी आणि ती साधारण कुठे बंद पडली असावी, याचा बराच भरवशाचा अंदाज अँजिओग्राफीच्या आधीच बांधता येतो.

निरोगी हृदयात एसटीच्या वेळी खालच्या कप्प्यांतले सगळे स्नायू सारख्याच विद्युत स्थितीत असतात. दाबातला फरक नसला की प्रवाह नाही, आणि प्रवाह नसला की रेघ मूळ पातळीवर राहते. रोहिणी पूर्ण बंद झाली की तिच्या वाट्याच्या स्नायूला आतल्या अस्तरापासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत प्राणवायू मिळेनासा होतो. काही मिनिटांतच त्या पेशींची विद्युत स्थिती शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा वेगळी होते आणि दोघांमध्ये प्रवाह सुरू होतो. त्याचा परिणाम पट्टीवर असा दिसतो की इजा झालेल्या भागाकडे तोंड असलेल्या लीडमध्ये एसटी वर जातो आणि त्याच्या विरुद्ध बाजूने पाहणाऱ्या लीडमध्ये तो खाली जातो. इजा भिंतीच्या फक्त आतल्या थरापुरती असेल, तर एसटी बऱ्याच लीडमध्ये नुसता दबतो. त्या दबण्यावरून जागा सांगता येत नाही. जागा सांगतो तो एसटीचा चढ, आणि त्या चढाच्या समोर पडलेला उतार.

न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये रोहिणी बंद पडलेल्या रुग्णाच्या ईसीजीतला हा बदल प्रसिद्ध केला. पण असा चढ दिसतो तेव्हा रोहिणी खरोखरच पूर्ण बंद असते का, याचा सज्जड पुरावा मिळायला आणखी साठ वर्षे गेली. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात मार्कस डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आलेल्या रुग्णांची अँजिओग्राफी ताबडतोब करण्याचे धाडस केले. १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. दुखणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची रोहिणी पूर्ण बंद होती. एसटीच्या चढावरून रोहिणीचा माग काढण्याचा खटाटोप सार्थ ठरतो तो त्यामुळे.

हृदयाला रक्त पुरवणारा डावा फाटा महारोहिणीतून निघून लगेच दुभंगतो. त्याची एक शाखा दोन कप्प्यांमधल्या पडद्यावरून समोरच्या बाजूने हृदयाच्या टोकापर्यंत उतरते. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात ती एलएडी. दुसरी डाव्या कडेने वळसा घालून मागे जाते, ती सर्कमफ्लेक्स. उजवी रोहिणी स्वतंत्रपणे निघते, उजव्या कप्प्याला शाखा देत उजव्या कडेने खाली येते आणि बहुतेक माणसांत हृदयाच्या खालच्या, म्हणजे पडद्याच्या स्नायूवर टेकलेल्या भिंतीला रक्त पुरवते. ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सुमारे ८० ते ८५ टक्के लोकांत खालच्या भिंतीची मुख्य शाखा उजव्या रोहिणीतून येते. उरलेल्यांत ती सर्कमफ्लेक्सकडून किंवा दोन्हींकडून येते.

नेहमीच्या ईसीजीत दहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावतात आणि त्यांतून बारा लीड मिळतात. छातीवरच्या सहा लीड, व्ही१ ते व्ही६, हृदयाकडे समोरून सुरुवात करून डाव्या कुशीपर्यंत आडव्या पातळीत पाहतात. हातापायांवरून मिळणाऱ्या सहा लीड उभ्या पातळीत पाहतात. लीड १ सरळ डावीकडे रोखलेली आहे. तिची दिशा शून्य अंश मानतात. त्याच्या ३० अंश वर एव्हीएल. खाली येत गेले की ६० अंशांवर लीड २, अगदी उभी खाली ९० अंशांवर एव्हीएफ आणि खाली पण उजवीकडे झुकलेली १२० अंशांवर लीड ३. राहिलेली एव्हीआर उजव्या खांद्याच्या बाजूने, म्हणजे बाकी सगळ्यांच्या जवळपास उलट दिशेने पाहते. पट्टीवर मात्र या लीड १, २, ३ आणि मग एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ अशा छापलेल्या असतात. हा क्रम इतिहासाने दिलेला आहे, शरीररचनेने नाही, आणि नव्या विद्यार्थ्याचा गोंधळ बहुधा इथेच होतो. स्वीडनमध्ये एव्हीएलपासून लीड ३ पर्यंत दिशेच्या क्रमाने लीड छापण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती जगभर पसरली नाही याचे आश्चर्यच वाटते.

चढ मोजण्याचे काही नियम ठरलेले आहेत. क्यूआरएस संपून एसटी सुरू होतो त्या बिंदूपाशी मोजायचे. नेहमीच्या पट्टीवर एक बारीक चौकोन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजेच एक मिलिव्होल्टचा दहावा भाग. शेजारशेजारच्या किमान दोन लीडमध्ये एक मिलिमीटर किंवा अधिक चढ हवा. व्ही२ आणि व्ही३ मध्ये निरोगी माणसांतही थोडा चढ असतो, म्हणून तिथली मर्यादा जास्त आहे : चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांत दोन, त्याहून तरुण पुरुषांत अडीच आणि स्त्रियांत दीड मिलिमीटर. ‘शेजारच्या’ म्हणजे दिशेने शेजारच्या, छपाईत शेजारच्या नव्हेत.

समोरच्या भिंतीचा झटका ओळखणे त्यामानाने सोपे. व्ही१ ते व्ही४ मध्ये चढ दिसला की संशय एलएडीवर जातो, आणि तो सहसा खरा ठरतो. प्रश्न उरतो तो अडथळा किती वर आहे हा. पाटबंधाऱ्याच्या कालव्यात गाळ जिथे अडकतो, तिथून पुढच्या सगळ्या चाऱ्या कोरड्या पडतात आणि मागच्या चाऱ्यांना पाणी मिळत राहते. एलएडीचेही तसेच आहे. तिची पहिली मोठी बाजूची शाखा डाव्या कप्प्याच्या वरच्या कडेला जाते. अडथळा त्या शाखेच्या आधी असेल तर ही कडही उपाशी राहते. मग लीड १ आणि एव्हीएल वर जातात आणि त्यांच्या समोरच्या लीड ३ व एव्हीएफ खाली दबतात. अडथळा बराच पुढे असेल तर खालच्या लीड दबत नाहीत. एलएडी लांब असून टोकाला वळसा घालून खालच्या भिंतीपर्यंत गेलेली असली, तर उलट त्याच लीडमध्येही चढ दिसतो. समोर आणि खाली एकाच वेळी चढ पाहून दोन रोहिण्या एकदम बंद पडल्या असे वाटू शकते. प्रत्यक्षात एकच लांब एलएडी शेवटच्या टप्प्यात बंद झालेली असू शकते.

खरी कसोटी लागते ती खालच्या भिंतीच्या झटक्यात. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये चढ आहे, म्हणजे खालची भिंत उपाशी आहे, एवढे नक्की. पण तिला रक्त देणाऱ्या दोन उमेदवार आहेत, उजवी रोहिणी आणि सर्कमफ्लेक्स. उजवीकडे संशय आधीपासूनच जास्त असतो, कारण खालच्या भिंतीच्या झटक्यांपैकी पाचातले सुमारे चार तिच्यामुळे येतात. तरी अंदाज तेवढ्यावर सोडून भागत नाही. उजव्या रोहिणीच्या झटक्यात उजवा कप्पाही सापडू शकतो आणि मग उपचारात बदल करावा लागतो.

दोघींतला फरक ओळखण्याची खूण दिशेत आहे. उजवी रोहिणी खालच्या भिंतीचा उजवीकडचा आणि पडद्यालगतचा भाग पोसते. तिच्यामुळे झालेल्या इजेचा प्रवाह खाली आणि किंचित उजवीकडे रोखलेला असतो, म्हणजे लीड ३ च्या दिशेने. सर्कमफ्लेक्स डावीकडून मागे येते; तिची इजा खाली, डावीकडे आणि मागे झुकते, म्हणजे लीड २ च्या जवळ. म्हणून पहिला प्रश्न असतो, लीड ३ मधला चढ लीड २ पेक्षा जास्त आहे का? जास्त असेल तर उजवी रोहिणी. लीड २ मध्ये तेवढाच किंवा अधिक असेल तर सर्कमफ्लेक्सचा विचार. दुसरा प्रश्न लीड १ चा. तिथे एसटी दबला असेल तर उजवी रोहिणी; वर असेल तर सर्कमफ्लेक्स.

पाठ्यपुस्तकांत या दोन खुणा स्वतंत्र पुरावे असल्यासारख्या एकाखाली एक दिलेल्या असतात. तशा त्या नाहीत. विलेम आइंथोवेन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलेला एक साधा नियम आहे : कोणत्याही क्षणी लीड १ आणि लीड ३ यांची बेरीज म्हणजे लीड २. कारण या तिन्ही लीड म्हणजे दोन हात आणि एक पाय यांच्यातल्या विद्युतदाबाचे फरक आहेत, आणि दोन फरक कळले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे लीड ३ चा चढ लीड २ पेक्षा जास्त असेल, तर लीड १ मध्ये एसटी दबलेलाच असणार. गणिताला दुसरा मार्गच नाही. दोन खुणा जुळल्या म्हणून दुप्पट खात्री बाळगणे चूक. याचा एक फायदाही आहे. लीड २ आणि ३ मधला फरक डोळ्यांना अर्ध्या मिलिमीटरचा, संशयास्पद वाटत असेल, तेव्हा लीड १ कडे पाहावे. तिथे तोच फरक सरळ रेघेच्या वर किंवा खाली असा मांडून ठेवलेला असतो आणि दोन उंच चढांची तुलना करण्यापेक्षा तो वाचणे सोपे जाते.

एक नमुना आकडे घालून पाहता येईल. साठीच्या आसपासचा पुरुष, तासाभरापासून छातीत दडपण, घाम, मळमळ. नाडी मिनिटाला ४८, रक्तदाब ९० वर ६०. पट्टीवर लीड २ मध्ये अडीच मिलिमीटर चढ, लीड ३ मध्ये चार. आइंथोवेनच्या नियमाने लीड १ मध्ये दीड मिलिमीटर उतार असायला हवा, आणि तो आहे. एव्हीएफमधला चढ लीड २ आणि ३ च्या सरासरीइतका, म्हणजे सव्वातीन. एव्हीएल म्हणजे लीड १ मधून लीड ३ वजा करून त्याचे निम्मे. दीडचा उतार आणि चारचा चढ यांतून तिथे पावणेतीन मिलिमीटरचा खोल उतार येतो. सहा लीडचे चित्र एकमेकांशी जुळले. इजेचा रोख उजवीकडे खाली, म्हणजे संशय उजव्या रोहिणीवर. आता छातीच्या लीड. व्ही१ मध्ये एक मिलिमीटर चढ, व्ही२ सपाट, व्ही३ किंचित दबलेली, व्ही५ आणि व्ही६ मध्ये काही नाही.

इथे व्ही१ महत्त्वाची ठरते. खालच्या भिंतीच्या झटक्यात व्ही१ वर का जावी? छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला, चौथ्या फासळीखालच्या जागेत ही लीड असते, आणि डाव्या कप्प्याबरोबरच उजव्या कप्प्याकडेही तिचे तोंड असते. व्ही१ वर आणि व्ही२ वर नाही, असे दिसले की उजव्या कप्प्याचा संशय घ्यावा लागतो. पण व्ही१ वर न जाणे म्हणजे उजवा कप्पा सुखरूप, असे मात्र समजू नये. उजव्या कप्प्याची इजा व्ही१ ला वर ओढते, तर हृदयाच्या मागच्या भिंतीची इजा तिला खाली ओढते. उजव्या रोहिणीच्या मोठ्या झटक्यात दोन्ही भिंती एकदम सापडतात, ओढाताण बरोबरीत सुटते आणि व्ही१ निष्पाप दिसते.

म्हणून खालच्या भिंतीचा झटका दिसला की उजव्या बाजूची लीड वेगळी काढतात. व्ही४ चा इलेक्ट्रोड डावीकडून उचलून छातीच्या उजव्या अर्ध्यावर, पाचव्या फासळीखाली, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली काढलेल्या रेषेवर लावतात. हीच व्ही४आर. साध्या मशीनला हा बदल कळत नाही. ते कागदावर ‘व्ही४’ असेच छापते. तंत्रज्ञाने पेनाने ‘आर’ लिहिले नाही, तर काही तासांनी ती पट्टी पाहणारा दुसरा डॉक्टर डाव्या कप्प्याबद्दल भलताच निष्कर्ष काढू शकतो. या लीडमध्ये अर्धा मिलिमीटर चढही पुरेसा धरतात. तिशीच्या आतल्या पुरुषांत एक मिलिमीटर.

नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त इथे हाइन वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या एकाच लीडकडून तिन्ही शक्यतांची उत्तरे मिळवली. व्ही४आरमध्ये एसटी वर आणि टी लाटही वर असेल, तर उजवी रोहिणी तिच्या सुरुवातीच्या भागात, उजव्या कप्प्याची शाखा फुटण्याच्या आधी बंद आहे. एसटी सपाट पण टी वर असेल, तर अडथळा त्या शाखेच्या पुढे आहे. एसटी दबलेला आणि टी उलटी असेल, तर दोष सर्कमफ्लेक्सचा. नमुन्यातल्या रुग्णाच्या व्ही४आरमध्ये दोन मिलिमीटर चढ मिळतो. उजवी रोहिणी बंद आहे, ती वरच्या भागात बंद आहे आणि उजवा कप्पा झटक्यात सापडला आहे.

हे कळल्याने उपचार कसे बदलतात ते नाडी आणि रक्तदाबाच्या आकड्यांतून समजते. उजव्या कप्प्याचे काम रक्त फुप्फुसांत ढकलायचे. तो लंगडा पडला की डाव्या कप्प्याला भरायला रक्तच कमी पोचते आणि डावा कप्पा धडधाकट असूनही रक्तदाब घसरतो. मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसे मात्र स्वच्छ, त्यांत पाणी साचल्याचा आवाज नाही, अशी जोडी तपासणीत दिसते. अशा रुग्णाचा रक्तदाब उजव्या बाजूला परत येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर टिकलेला असतो. छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी शिरा सैल करते, रक्त पाय-पोटात थबकते आणि आधीच ९० असलेला दाब कोसळू शकतो. म्हणून उजव्या कप्प्याचा झटका असताना नायट्रेट टाळतात, लघवी वाढवणारी औषधे टाळतात आणि गरज पडल्यास शिरेतून सलाइन मोजून देतात. एका बाजूच्या झटक्यात आराम देणारी गोळी दुसऱ्या बाजूच्या झटक्यात घातक ठरू शकते, आणि हा फरक सांगायला अर्ध्या मिनिटात हलवलेला एक इलेक्ट्रोड पुरतो. जर्मनीत मानफ्रेड त्सेहेंडर आणि सहकाऱ्यांनी खालच्या भिंतीच्या झटक्याचे २०० रुग्ण पाहून १९९३ मध्ये लिहिले की व्ही४आरमध्ये चढ असलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, नसलेल्यांपैकी ६ टक्के. तो काळ आजच्या तातडीच्या अँजिओप्लास्टीच्या आधीचा होता, पण दोन गटांतले अंतर बोलके आहे.

४८ च्या नाडीचा उगमही त्याच रोहिणीत आहे. वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विद्युत संदेश पोचवणाऱ्या गाठीला सुमारे ९० टक्के लोकांत उजव्या रोहिणीची शाखा रक्त देते. म्हणून या झटक्यात ठोके मंदावणे किंवा संदेश अधूनमधून अडणे नेहमीचेच. बहुधा ते तात्पुरते असते. तोच प्रकार एलएडीच्या झटक्यात झाला, तर मोठ्या स्नायूचा नाश झाल्याचे लक्षण मानून फार गांभीर्याने घेतात.

व्ही४आरमधला पुरावा मात्र फार काळ टिकत नाही. उजवा कप्पा पातळ भिंतीचा, कमी दाबावर काम करणारा. त्याला प्राणवायू कमी लागतो आणि तो लवकर सावरतो. त्यामुळे हा चढ अनेकदा दहा-बारा तासांत नाहीसा होतो. पहिल्या ईसीजीबरोबर ही लीड काढली नाही आणि दुसऱ्या दिवशी काढली, तर ‘उजवा कप्पा ठीक’ असा खोटा दिलासा मिळतो.

सर्कमफ्लेक्सच्या झटक्याचे चित्र वेगळे उमटते. लीड २ मध्ये तीन मिलिमीटर चढ, लीड ३ मध्ये दोन. म्हणून लीड १ मध्ये एक मिलिमीटर चढ. एव्हीएलमध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा उतार, उजव्या रोहिणीच्या झटक्यात दिसणाऱ्या खोल उतारापेक्षा फारच उथळ. डाव्या कुशीच्या व्ही५ आणि व्ही६ मध्ये दोन मिलिमीटर चढ. आणि व्ही१ ते व्ही३ मध्ये ठळक उतार. तो उतार म्हणजे समोरच्या भिंतीचा त्रास नव्हे, तर मागच्या भिंतीतला चढ समोरून पाहिलेला. मागच्या भिंतीकडे थेट पाहणारी एकही लीड नेहमीच्या बारांत नाही. ती पाहायची तर इलेक्ट्रोड काखेच्या मागे, डाव्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली लावावे लागतात. त्यांना व्ही७ ते व्ही९ म्हणतात आणि तिथे अर्धा मिलिमीटर चढ पुरतो. सर्कमफ्लेक्स एकटीच, मागच्या भिंतीपुरती बंद पडली तर बारा लीडमध्ये चढ कुठेच दिसत नाही. व्ही१ ते व्ही३ मधला सपाट उतार, त्याच्यासोबत उंचावलेला आर आणि सरळ उभी टी, एवढाच धागा हाती असतो. तोही कधी नसतो. तीन रोहिण्यांत ईसीजीला सर्वांत जास्त चकवते ती हीच, आणि पट्टी साधी दिसली म्हणून दुखत असलेल्या रुग्णाला घरी पाठवू नये असा दंडक मुख्यतः तिच्यामुळे पाळावा लागतो.

चढ दिसला म्हणजे रोहिणी बंदच, असेही नाही. हृदयाच्या आवरणाला सूज आली की जवळजवळ सगळ्याच लीडमध्ये चढ येतो, कारण सूज एका रोहिणीची हद्द पाळत नाही. अशा वेळी लीड २ मधला चढ लीड ३ पेक्षा जास्त असतो आणि सर्कमफ्लेक्सची शंका येऊ शकते. तेव्हा एव्हीएल कामी येते. खालच्या भिंतीच्या खऱ्या झटक्यात ती बहुधा दबलेली असते, कधी कधी तर लीड २ आणि ३ पुरेशा वर जाण्याच्या आधीच. आवरणाच्या सुजेत तिच्यात उतार सहसा नसतो. जुन्या झटक्यानंतर फुगून राहिलेली भिंत, डाव्या बाजूचा विद्युतमार्ग बंद असणे, काही निरोगी तरुणांत जन्मजात असणारा चढ, यांनीही फसगत होते. जुनी पट्टी उपलब्ध असेल तर शेजारी ठेवून पाहणे आणि दहा-पंधरा मिनिटांनी नवी काढणे, हे दोन उपाय अशा वेळी उपयोगी पडतात. झटक्याची पट्टी बदलत जाते. बाकीच्या बहुतेक कारणांची तेवढ्या वेळात बदलत नाही.

रोहिणी चुकीची ठरवण्याचे एक कारण तर निव्वळ तारांचे आहे. घाईत उजव्या आणि डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली, तर लीड १ उलटी होते, लीड २ आणि ३ एकमेकींच्या जागी जातात, एव्हीआर आणि एव्हीएलही. वरच्या सर्कमफ्लेक्सच्या नमुन्यात ही चूक केली तर काय होईल? लीड २ मध्ये दोन, लीड ३ मध्ये तीन मिलिमीटर चढ, लीड १ मध्ये एक मिलिमीटर उतार, आणि एव्हीएलच्या जागी आलेल्या एव्हीआरमध्ये दोन मिलिमीटर उतार. हातापायांच्या सहा लीडपुरते पाहिले तर हे उजव्या रोहिणीचे हुबेहूब चित्र आहे. मात्र छातीच्या लीडवर हातांच्या तारांचा परिणाम होत नाही. व्ही५ आणि व्ही६ मधला चढ आणि व्ही१ ते व्ही३ मधला उतार जागच्या जागी राहतो आणि वरच्या चित्राशी जुळत नाही. शिवाय लीड १ मध्ये एकटा एसटीच नव्हे, तर त्याच्या आधीची पी लाट आणि क्यूआरएसही उलटे होतात, आणि एरवी पालथी असणारी एव्हीआर सरळ उभी दिसते. लीड १ मध्ये पी लाट उलटी दिसली की निष्कर्ष बाजूला ठेवून आधी मनगटांवरच्या तारा तपासतात आणि पट्टी पुन्हा काढतात.